डॉक्टरांनी सांगितलं म्हणून : परिचारिकेची कायदेशीर जबाबदारी

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, विधिशास्त्राचा स्वाध्याय
विषय : माहितीपूर्ण संमती, हलगर्जीपणा आणि व्यवसायाची कक्षा

विवेचनासाठी घेतलेली घटना (कल्पित)

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची सव्वीस वर्षांची बाई. तिसरं बाळंतपण, नववा महिना. रात्री दोनच्या सुमारास आशाताई तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन येतात. रक्तदाब १७०/११०, आणि टेबलावर घेताघेताच झटका येतो. वैद्यकीय अधिकारी क्वार्टरवरून निघालेत. ड्यूटीवरच्या सिस्टर त्यांची वाट न पाहता मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देतात आणि १०८ ला फोन करतात. नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात सिझेरियन ठरतं. बाई अर्धवट शुद्धीत आहे, नवरा ऊसतोडीला गुजरातेत. संमतीपत्रावर सासूचा अंगठा घेतला जातो. सासू म्हणते, "तीन झाली, आता पोट फाडताच आहात तर ऑपरेशनही करून टाका." त्याच अंगठ्यावर नसबंदीही होते. पुढे वॉर्डात चार तासांनी मॅग्नेशियमचा दुसरा डोस दिला जातो, तो गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि लघवीचं माप न पाहता. थोड्या वेळात श्वास मिनिटाला नऊवर येतो. कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन बाई वाचते.

या एका रात्रीत चार प्रश्न आहेत आणि चारही ठिकाणी वॉर्डातलं नेहमीचं उत्तर एकच येईल : "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं." कायदा हे उत्तर किती आणि कुठे मान्य करतो, ते इथे पाहायचं आहे.

संमती

आपल्याकडे वॉर्डात संमती "घेतात" म्हणजे सही घेतात. "सिस्टर, कन्सेंट घेऊन टाका" या वाक्यात कुणालाच काही खटकत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र सही हा संमतीचा फक्त पुरावा आहे. रुग्णाला काय झालंय, काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय आहे का आणि नाही केलं तर काय होईल, हे त्याला कळणं आणि मग त्यानं मोकळेपणी हो म्हणणं, ही संमती. समजावण्याचं काम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं आहे. परिचारिका साक्षीदार म्हणून सही करते तेव्हा ती एवढंच सांगते की हे माझ्यासमोर झालं. जे समोर झालंच नाही त्याखाली सही करणं म्हणजे खोटी साक्ष लिहून ठेवण्यासारखंच आहे.

यातला मुख्य निकाल समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, २००८. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित महिलेनं दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजांडकोश, बीजवाहिन्या काढल्या. न्यायालयानं सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता. अशा वेळी आईची संमती संमती नव्हे. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि एका शस्त्रक्रियेची दुसरीला चालत नाही. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य असली तरीही. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठं आहे.

आता घटनेकडे. सिझेरियनचा प्रश्न अवघड नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० (पूर्वीच्या दंड संहितेचं ९२) सांगतं की माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या वतीनं कायदेशीरपणे संमती देणारं कुणी वेळेत मिळत नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. झटके थांबवायला आणि आई-बाळ वाचवायला सिझेरियन लागणारच होतं. इथे सासूचा अंगठा कायद्यानं संमती नाहीच. नातेवाइकांना कल्पना दिल्याची ती नोंद आहे. नवऱ्याची सही नाही म्हणून शस्त्रक्रिया खोळंबली असती तर उलट तोच हलगर्जीपणा झाला असता.

नसबंदीचं तसं नाही. तिनं त्या रात्री जीव वाचत नव्हता, दोन महिन्यांनी केली असती तरी चाललं असतं. सज्ञान बाईच्या नसबंदीला संमती तिचीच लागते. शासनाच्या मानकांप्रमाणे जोडीदाराच्या संमतीचीही गरज नाही, मग सासूची कुठून आली? आणि गुंगीत असताना संमती घेऊ नये हेही त्याच मानकांत आहे. म्हणजे बाई अर्धवट शुद्धीत "हां" म्हणाली असती तरी तेवढ्यानं भागलं नसतं. चांगल्या हेतूनं झालेली ही नसबंदी समीरा कोहली निकालाच्या चौकटीत सरळ बसते.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात वेगळा लिहायला हवा. संमतीपत्र छापील मराठीत असतं. साक्री-शिरपूरकडची बाई अहिराणीत बोलते, तळोद्याची भिलीत, धडगावची पावरीत. अहिराणीत "समजनं का?" विचारलं की मान हलते, कारण सिस्टरपुढे नाही म्हणायची सवय नसते. ही मान हलवणं संमती नाही. मी स्वतः पाहिलेली चांगली पद्धत अशी : आशाताई किंवा भाषा जाणणारी मावशी दुभाषी म्हणून बसते, सगळं सांगून झाल्यावर रुग्णालाच विचारायचं की आता तुझं काय करणार ते सांग. उत्तर नोंदीत लिहायचं, दुभाष्याचं नाव आणि अंगठ्याशेजारी वेळ टाकायची. पाच मिनिटं लागतात. घरचा माणूस दुभाषी नको, विशेषतः नसबंदीच्या बाबतीत. तो बऱ्याचदा रुग्णाचं न सांगता स्वतःचंच मत सांगतो.

इंजेक्शनला हात पुढे करणं ही गर्भित संमती, त्यावर जास्त लिहित नाही. नकाराची नोंद मात्र महत्त्वाची. रुग्णाला भगताकडे नेतो म्हणून घरचे उठतात तेव्हा "स्वतःच्या जबाबदारीवर" एवढी ओळ पुरत नाही. न थांबल्यास काय होऊ शकतं हे सांगितल्याचं लिहावं लागतं.

व्यवसायाची कक्षा

परिचारिकेनं काय करावं याची एकच यादी कुठल्याही कायद्यात नाही. कक्षा चार गोष्टींनी मिळून ठरते : महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खालची नोंदणी, भारतीय परिचर्या परिषदेचा अभ्यासक्रम, शासनाच्या मार्गदर्शक सूचना व संस्थेच्या स्थायी सूचना, आणि त्या रुग्णासाठीचा लेखी आदेश.

पहिला डोस देणाऱ्या सिस्टरनं म्हणूनच कक्षा ओलांडली नाही. केंद्र शासनाच्या कुशल प्रसूती सहायक सूचनांनुसार एएनएमलाही झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा आहे. दहा ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचे दोन मिलीचे दहा अँप्यूल, प्रत्येक कुल्ल्यात पाच, खोल स्नायूत. परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही असताना डॉक्टर येईपर्यंत हात बांधून बसणं हीच कसूर ठरली असती. कक्षा नुसतं अडवत नाही, करायलाही लावते, हे आपल्याकडे कमी बोललं जातं.

उलट बाजूला पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल, १९९६. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही ती वापरणं हाच हलगर्जीपणा, वेगळा पुरावा नको, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. रात्री ओपीडीत गर्दी झाली म्हणून सिस्टरनं परस्पर अँटिबायोटिक लिहून देणं याच मापानं मोजलं जाऊ शकतं. आणि शिकाऊ मुलीला किंवा मावशीला "एवढं इंजेक्शन देऊन टाक" म्हणणारीही सुटत नाही.

हलगर्जीपणा

चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : काळजीचं कर्तव्य, त्याचा भंग, त्या भंगामुळेच नुकसान, आणि नुकसान. माप हे सर्वसाधारण कुशल परिचारिकेचं, सर्वोत्तम परिचारिकेचं नव्हे. १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलम खटल्यातलं हे सूत्र आपल्या न्यायालयांनी उचललं.

दुसऱ्या डोसाला ते लावू. पुढचा डोस देण्याआधी श्वास मिनिटाला १६ वा जास्त, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया हजर, आणि मागच्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिली, हे तिन्ही बघायचं हे प्रसूती कक्षातली कुठलीही सिस्टर सांगेल. म्हणजे भंग स्पष्ट आहे. आदेश "दर चार तासांनी पाच ग्रॅम" असा लेखी होता, हा बचाव तोकडा पडतो. तपासणी हा डोस देण्याचाच भाग आहे आणि ती परिचारिकेचीच. घटनेतली खरी अडचण कारणाची आहे. बाई वाचली, पण तिला काही कायमचं नुकसान झालं का आणि ते डोसामुळे की आधीच्या झटक्यांमुळे, हे तज्ज्ञाच्या मताशिवाय ठरणार नाही.

स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया (१९९८) हा प्रत्येक परिचारिकेनं वाचावा असा निकाल. टायफॉइडच्या लहान मुलाला परिचारिकेनं भलतंच इंजेक्शन शिरेतून दिलं, हृदय बंद पडलं, मेंदूला कायमची इजा झाली. तिची कुठल्याच परिषदेत नोंदणी नव्हती. रुग्णालयाला मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख द्यावे लागले. नोंदणी नसलेल्या मुलींना पांढरा ड्रेस घालून उभं करणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या खासगी दवाखान्यांनी ही रक्कम भिंतीवर लावून ठेवावी.

अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६) शेजारच्या औरंगाबादचा. १९६३ साली नसबंदीत पोटात मॉप राहिला, बाई गेली. न्यायालयानं शासनाला जबाबदार धरलं. मॉप पोटात राहणं हीच गोष्ट हलगर्जीपणा बोलते. मॉपची मोजणी दोघींनी मोठ्यानं करून फळ्यावर लिहायची ती त्यासाठीच. पोट बंद करण्याआधी आकडा जुळत नसेल तर सर्जन कितीही घाईत असोत, तसं सांगणं आणि सांगितल्याची वेळ लिहिणं हे परिचारिकेचं कर्तव्य आहे.

दायित्व कुणाचं

घटनेत भरपाई मुख्यतः शासनावर येईल. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही (इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता, १९९५), म्हणून दिवाणी दावा. फौजदारी जबाबदारी मात्र मालकाकडे ढकलता येत नाही. जेकब मॅथ्यू निकालानं (२००५) त्यासाठी ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणाची अट घातली. दुसरा डोस तिथपर्यंत पोहोचतो असं मला वाटत नाही, कारण चूक लक्षात येताच उतारा देऊन रुग्ण वाचवला.

पण बाई दगावली असती तर एक बाब परिचारिकांच्या विरोधात आहे. न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांवर आणली आहे. ही सवलत स्पष्टीकरणानुसार राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे. परिचर्या परिषदेची नोंदवही त्यात नाही. एकाच टेबलाभोवती, एकाच चुकीसाठी, डॉक्टरांना दोन वर्षं आणि सिस्टरला पाचपर्यंत. माझ्या मते हे समानतेच्या कसोटीवर तपासलं जायला हवं. तोवर परिचारिकेला "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून" या उत्तरावर विसंबून राहणं डॉक्टरांपेक्षा जास्त महाग पडू शकतं.