हजेरी नियमित करण्यासाठी अर्ज : १० जून (यंत्राचा बिघाड) आणि १८ जून (पंच राहून गेला)

दिनांक : २४ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

मार्फत : मा. प्रमुख, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा

विषय : १० जून आणि १८ जून २०२५ या दोन दिवसांची हजेरी नियमित करण्याबाबत

महोदय,

मी मनीषा र. पाटील, कर्मचारी क्रमांक ३१८६, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत पहिल्या पाळीला (सकाळी ७ ते दुपारी ३.३०) काम करते. जून महिन्याच्या हजेरीपत्रकात माझी १० तारीख गैरहजर आणि १८ तारीख 'अपूर्ण पंच' अशी दिसते आहे. दोन्ही दिवशी मी पूर्ण पाळी कामावर होते. हजेरीचा महिना उद्या, २५ तारखेला बंद होत असल्याने हा अर्ज आज हातोहात देत आहे.

दोन दिवसांची कारणे वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी मांडते. १० तारखेला यंत्र बिघडले होते. १८ तारखेला चूक माझी आहे.

मंगळवार, १० जून. त्या दिवशी पहाटे वीज गेली होती. मी ६.४८ ला दोन नंबर गेटवरच्या यंत्रावर बोट ठेवले. यंत्राने नेहमीसारखा आवाज केला, माझा क्रमांकही दाखवला, पण पडद्यावर तारीख होती ०१-०१-२००० आणि वेळ ००.१४. गेटवरच्या सुरक्षारक्षकांना मी ते लगेच दाखवले. त्यांनी आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद करायला सांगितली. ती नोंद ६.५२ ची आहे, माझ्या सहीची. माझ्याआधी आणि नंतर आलेल्या आणखी पाच जणांच्या नोंदी त्याच पानावर आहेत. दुपारी सुटले तेव्हा यंत्र भिंतीवरून काढून दुरुस्तीला नेले होते, त्यामुळे जाण्याचा पंच करण्याचा प्रश्नच नव्हता. रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ ३.४१ लिहिली आहे.

यात एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देते, कारण तिच्यामुळे तपासणी सोपी होईल. वीज नसताना यंत्राचे घड्याळ आतल्या छोट्या सेलवर चालते. तो सेल संपला असेल तर वीज आल्यावर घड्याळ मूळ तारखेपासून पुन्हा सुरू होते. विद्युत विभागाच्या रजिस्टरप्रमाणे दोन नंबर गेटचा पुरवठा ६.३४ ला सुरू झाला. त्यात पडद्यावरची १४ मिनिटे मिळवली की ६.४८ होतात, म्हणजे मी सांगते आहे तीच वेळ. माझा पंच नोंदलाच गेला नाही असे नसावे. तो २००० सालच्या १ जानेवारीखाली नोंदला गेला असावा, आणि म्हणून जूनच्या पत्रकात दिसत नसावा. दुरुस्ती करताना यंत्राची स्मृती पुसली नसेल, तर मूळ नोंदींमध्ये त्या तारखेला माझा क्रमांक सापडेल. इतर पाच जणांच्या वेळाही याच हिशेबाने पडताळता येतील.

बुधवार, १८ जून. मी ६.४० ला आवारात आले. कच्च्या मालाचा टँकर पहाटेपासून थांबलेला होता आणि नमुना तपासल्याशिवाय तो रिकामा करता येत नव्हता. पाळीप्रमुखांचा फोन आला म्हणून मी माल-गेटने थेट टँकरकडे गेले. त्या गेटवर पंचिंगचे यंत्र नाही. नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि तपासणी सुरू केली. ती झाल्यावर दोन नंबर गेटपर्यंत येऊन पंच करायला हवा होता. तो राहून गेला. दिवसभरात एकदाही आठवले नाही, हे मान्य करते. जाताना ३.३६ ला केलेला पंच प्रणालीत आहे. सकाळच्या उपस्थितीसाठी नमुना-नोंदवहीत 'नमुना मिळाला ६.५५' अशी माझ्या अक्षरातली नोंद आहे, आणि तपासणी यंत्राच्या छापील अहवालावर ७.१० ही वेळ माझ्या लॉगिनसह आली आहे. त्या दोन्हींवर पाळीप्रमुखांची सही आहे.

ही बाब मला शुक्रवारी, २० जूनला पत्रक उघडल्यावर कळली. त्याच दिवशी मी पोर्टलवरून दोन्ही दिवसांसाठी विनंती टाकली. १८ तारखेची विनंती स्वीकारली गेली आणि विभागप्रमुखांच्या मंजुरीसाठी प्रलंबित आहे. १० तारखेची मात्र प्रणालीने लगेच नाकारली : तीन दिवसांची मुदत उलटलेली, आणि त्या दिवशी एकही पंच नाही. यंत्र बंद असलेल्या दिवसाची दुरुस्ती करायला आधी त्याच यंत्राचा पंच हवा, असा हा पेच आहे. म्हणून लेखी अर्जाशिवाय मार्ग उरला नाही.

माझी विनंती अशी :

१० जूनची हजेरी रजिस्टरमधील वेळांनुसार, येणे ६.५२ व जाणे ३.४१, पूर्ण दिवस धरावी आणि त्या दिवसाची विनावेतन नोंद काढून टाकावी. १८ जूनला येण्याची वेळ ६.५५ धरावी.

पंच विसरल्यास महिन्यातून दोनदा सवलत मिळते, त्यातली एक १८ तारखेसाठी माझ्या नावे खर्ची टाकावी. त्याला माझी हरकत नाही. पण १० तारीख त्या सवलतीत मोजू नये. बिघाड माझ्या नावावर जमा झाला तर या महिन्याची माझी सवलत संपते, आणि पूर्ण हजेरीचा प्रोत्साहन भत्ताही जातो. त्या पानावरच्या इतर पाच जणांचीही तीच गत होईल. त्यांनी अर्ज केला आहे की नाही, मला ठाऊक नाही, पण निर्णय एकदाच आणि सर्वांसाठी झाला तर बरे.

गेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. १० आणि १८ तारखेच्या सकाळचे चित्रण अजून असेल आणि आपल्याला पडताळणी करायची असेल, तर ते आजच राखून ठेवायला सांगावे.

शेवटी एक छोटी बाब. प्रयोगशाळेत द्रावके हाताळल्याने आम्हा काही जणांच्या बोटांची कातडी रखरखीत झाली आहे आणि ठसा दोन-तीनदा ठेवल्यावरच लागतो. या दोन दिवसांशी त्याचा संबंध नाही, पण माझ्या डाव्या हाताचे एक बोटही नोंदवून घ्यावे. मी कोणत्याही दिवशी पाळी सुटल्यावर येऊ शकेन.

सोबत आवक-जावक रजिस्टरच्या १० जूनच्या पानाची प्रत, विद्युत विभागाच्या नोंदीची प्रत, नमुना-नोंदवहीचे पान, १८ जूनचा तपासणी अहवाल आणि पोर्टलवरील नकाराचा छापील उतारा जोडला आहे. मूळ कागद मागाल तेव्हा दाखवता येतील.

आपली विश्वासू,
(सही)
मनीषा र. पाटील
कर्मचारी क्रमांक ३१८६
गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा

विभागप्रमुखांचा शेरा : अर्जदार दोन्ही दिवशी पूर्ण पाळी हजर होत्या. १८ तारखेला माल-गेटने बोलावणे आमच्याकडूनच गेले होते. पोर्टलवरील विनंती आज मंजूर केली आहे. १० तारखेच्या दुरुस्तीची शिफारस करतो. सही, २४.०६.२०२५