नुसतं नँड पुरेसं आहे: सिद्धता

नँड गेटचा नियम एवढाच: दोन्ही इनपुट 1 असतील तर आउटपुट 0, एरवी 1. म्हणजे p ↑ q = ¬(p ∧ q). 1913 मध्ये हेन्री शेफर यांनी एकाच क्रियेवर सगळं बूलीय बीजगणित उभं राहतं हे प्रसिद्ध केलं. ते कसं, ते पाहू.

नकारापासून सुरुवात करू. एकच p दोन्ही इनपुटना जोडला की p ↑ p = ¬(p ∧ p) = ¬p. नकार हाती आला की 'आणि' फार लांब नाही, कारण नँड म्हणजे उलटवलेलं 'आणि'. ते पुन्हा उलटवायचं. 'किंवा'साठी डी मॉर्गनचा नियम लागतो: p ∨ q = ¬(¬p ∧ ¬q). उजवी बाजू म्हणजे ¬p आणि ¬q यांचं नँडच.

```
¬p    = p ↑ p
p ∧ q = (p ↑ q) ↑ (p ↑ q)
p ∨ q = (p ↑ p) ↑ (q ↑ q)
```

पडताळा घ्या: p = 0, q = 1 असेल तर शेवटच्या ओळीत 1 ↑ 0 = 1 येतं. दोन्ही 0 असतील तर 1 ↑ 1 = 0.

आता उरलेले सगळे संयोजक. कोणत्याही संयोजकाची सत्यता सारणी मांडा आणि उत्तर 1 असलेल्या ओळी निवडा. अशा प्रत्येक ओळीसाठी, चल 1 असेल तर तो तसाच आणि 0 असेल तर त्याचा नकार घेऊन ते सगळे 'आणि'ने जोडा. हे सूत्र फक्त त्याच ओळीत सत्य होतं. अशी सूत्रं 'किंवा'ने जोडली की पूर्ण सारणी मिळते. एकाही ओळीत 1 नसेल तर p ∧ ¬p घ्या. चल कितीही असोत, युक्तिवाद बदलत नाही. सिद्धता इथे पूर्ण होते.

यात खरा भार नकारावर आहे. नुसत्या 'आणि' व 'किंवा'ने हे कधीच जमणार नाही: सगळे इनपुट 1 दिले की त्यांच्या कुठल्याही जोडणीतून 1च बाहेर पडतो, मग नकार येणार कुठून?

ही पद्धत एक्सॉरला लावून पाहण्यासारखी आहे. दोन इनपुटपैकी नेमकं एकच 1 असेल तेव्हाच एक्सॉर 1 देतो, म्हणून सारणीतून (p ∧ ¬q) ∨ (¬p ∧ q) मिळतं. ते नँडमध्ये लिहिताना लागोपाठचे नकार एकमेकांना खातात आणि (p ↑ ¬q) ↑ (¬p ↑ q) उरतं: पाच गेट. आता गंमत बघा. p ↑ ¬q मध्ये ¬q च्या जागी p ↑ q घातलं तरी चालतं. p = 1 असेल तर p ↑ q म्हणजे ¬qच; p = 0 असेल तर दुसरं इनपुट काहीही असो, आउटपुट 1. दुसऱ्या बाजूलाही हेच.

```
r = p ↑ q
p ⊕ q = (p ↑ r) ↑ (q ↑ r)
```

r एकदाच काढायचा, त्यामुळे चार गेटमध्ये काम होतं. 7400 या चिपमध्ये दोन इनपुटची नेमकी चार नँड गेट असतात, म्हणून एका चिपवर अख्खा एक्सॉर बसतो.