घरभाड्याच्या पावत्या आणि पॅन क्रमांकाबाबत

कोथरूड, पुणे ४११०३८
८ जानेवारी २०२५

श्री. वसंतराव देशमाने आणि सौ. सुमतीकाकू
सदाशिव पेठ, सातारा ४१५००१

ती. काका आणि काकू,
सा. न.

रविवारी फोनवर काका म्हणाले, ‘पावत्या कशाला हव्यात, बँकेत सगळं दिसतंच की.’ तेव्हा मी बसमध्ये होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मला पगारात घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए, मिळतो. मी जुन्या करपद्धतीत असल्यामुळे त्यातल्या काही रकमेवर कर माफ होतो. त्यासाठी आमच्या अकाउंट्सला १२ बीबी नावाचा फॉर्म, भाड्याच्या पावत्या आणि कराराची प्रत द्यावी लागते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅनही लागतो. बँकेचं स्टेटमेंट मी जोडणारच आहे, पण नुसत्या त्यावर ते ऐकत नाहीत. कागद २४ जानेवारीपर्यंत दिले नाहीत, तर फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून माझे साधारण ३५ हजार जास्तीचे कापले जातील. रिटर्न भरताना ते परत मागता येतात, पण तोवर दोन महिने घर चालवणं जड जाईल.

पॅन काकूंचाच लागेल, काकांचा चालणार नाही. फ्लॅट काकूंना त्यांच्या आईकडून आला आहे आणि करारही त्यांच्याच नावाचा आहे. करारात त्यांचा आधार क्रमांक आहे, पॅन मात्र घातलेला नाही. भाडं तुमच्या जोडखात्यात जातं, त्याने अडत नाही. फक्त पावत्यांवर सही काकूंची हवी.

आता हिशेब. एप्रिल ते ऑगस्ट २०२४ दरमहा १७,५०० आणि सप्टेंबरला करार नवा झाल्यापासून दरमहा १८,५००. जानेवारीचं भाडं ४ तारखेला पाठवलं, म्हणजे दहा महिन्यांचे १,८०,००० झाले. दोन महिन्यांचा मात्र खुलासा हवा. जूनचं भाडं काका पुण्याला आले तेव्हा रोख दिलं होतं (तुम्ही नोटा मोजल्याच नाहीत, मीच दोनदा मोजून दाखवल्या). ते बँकेत दिसणार नाही, म्हणून त्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करावी. जुलैत मी १५,२०० च पाठवले, कारण गिझरच्या कॉइलचे आणि प्लंबरचे २,३०० तुम्हीच वळते करायला सांगितले होते. त्या पावतीत भाडं १७,५०० च लिहून खाली ‘पैकी २,३०० गिझर दुरुस्तीपोटी वळते’ असा शेरा घातला आहे. नाहीतर पावती आणि स्टेटमेंटचा आकडा जुळणार नाही आणि अकाउंट्सवाले मलाच विचारत बसतील.

दहाही पावत्या टाइप करून सोबत जोडल्या आहेत, काकूंना लिहायचे कष्ट नकोत. मजकूर असा आहे:

‘श्री. प्रसाद कुंभार यांजकडून, माझ्या मालकीच्या कोथरूड येथील सदनिकेचे डिसेंबर २०२४ या महिन्याचे भाडे रु. १८,५०० (अक्षरी रुपये अठरा हजार पाचशे फक्त) बँकेमार्फत मिळाले. सौ. सुमती वसंतराव देशमाने.’

फेब्रुवारी-मार्चच्या दोन पावत्या पैसे पोचल्यावर मागेन. न मिळालेल्या पैशाची पावती आधी मागणं मला बरं वाटत नाही.

पॅन दिला की कर मागे लागेल, अशी काकांची शंका फोनवर जाणवली. पॅन दिला तर हे भाडं काकूंच्या नावावर नोंदलं जाईल, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. पण वर्षाचे २,१७,००० धरले तरी कायद्याने त्यातले ३० टक्के, म्हणजे ६५,१००, देखभालीपोटी सरळ वजा होतात. महापालिकेचा मिळकतकर तुम्ही भरता, तो त्याच्याही आधी वजा होतो. उरतात दीड लाखाच्या आसपास. साठीच्या पुढच्यांना जुन्या पद्धतीतही तीन लाखांपर्यंत कर नाही. काकूंच्या ठेवींचं व्याज मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. तुमच्या सीएंना हे पत्र दाखवा, ते पाच मिनिटांत सांगतील. टीडीएसचीही काळजी नको. महिन्याला ५० हजारांवर भाडं असेल तरच माझ्यासारख्याला तो कापावा लागतो.

पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर काकूंनी सही करून ‘फक्त भाडेकरूच्या एचआरएसाठी’ असं आडवं लिहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, प्रतच द्या. शनिवारी, १८ तारखेला मी साताऱ्याला येतो आहे. दुपारी चारच्या सुमारास घरी असाल ना? रेव्हेन्यू तिकीट मी आणतो.

आणखी एक, स्वयंपाकघरातल्या खिडकीची जाळी मी माझ्या खर्चाने बदलली आहे. ती भाड्यात धरू नका.

आपला,
प्रसाद कुंभार

सोबत: पावत्या दहा, कराराची झेरॉक्स, बँक स्टेटमेंट (एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५)