शौचालये आणि मुलांची उंची : साहित्य आढाव्याचा तक्ता

प्रश्न: गावात शौचालये वाढली की पाच वर्षांखालील मुलांची उंची वाढते का, जुलाब कमी होतात का? सहाही अभ्यास क्लस्टर आरसीटी आहेत, म्हणून पद्धतीच्या रकान्यात फक्त वाटप कसे झाले आणि कुटुंबांना काय दिले तेवढेच लिहिले आहे. उंची वयानुसार झेड-स्कोअरमध्ये.

| अभ्यास | पद्धत | नमुना | निष्कर्ष | मर्यादा |
|---|---|---|---|---|
| हॅमर, स्पिअर्स २०१६, अहमदनगर (आता अहिल्यानगर) | गावनिहाय. शासकीय स्वच्छता मोहीम | ६० गावे | उंची +०.३ ते ०.४; शौचालये मात्र सुमारे ८ टक्केबिंदूंनीच वाढली | तीन जिल्ह्यांत ठरलेला प्रयोग एकाच जिल्ह्यात झाला |
| क्लासेन व इतर २०१४, ओडिशा | गावनिहाय, संपूर्ण स्वच्छता अभियान | ५० + ५० गावे | शौचालये ९ वरून ६३%, नियंत्रण गावांत ८ वरून १२%, जुलाब ८.८% आणि ९.१%, उंचीत फरक नाही | बांधले म्हणजे वापरले असे नाही |
| पाटील व इतर २०१४, मध्य प्रदेश | गावनिहाय. तेच अभियान | ८० गावे, ३,०३९ घरे, ५,२०९ मुले | शौचालये ४१% (नियंत्रण २२%). आरोग्यात फरक नाही | उघड्यावर शौच जेमतेम १० टक्केबिंदूंनी घटले |
| लुबी व इतर २०१८, बांगलादेश | पाणी, स्वच्छता, हात धुणे, पोषण. वेगळे व एकत्र गट | ५,५५१ गरोदर स्त्रिया | स्वच्छता गटात जुलाब ३.५% (नियंत्रण ५.७%), उंची पोषण गटात +०.२५ | कोणाला काय मिळाले हे कुटुंबांना ठाऊक, आणि जुलाबाची नोंद त्यांच्याच सांगण्यावर |
| नल व इतर २०१८, केनिया | तीच रचना | ८,२४६ गरोदर स्त्रिया | जुलाबात कुठेच घट नाही; उंची पोषण गटात +०.१३ | नोंद इथेही सांगण्यावरच |
| हम्फ्री व इतर २०१९, झिम्बाब्वे | पोषण आणि स्वच्छता, २×२ | ५,२८० गरोदर स्त्रिया | स्वच्छतेचा उंचीवर, जुलाबावर परिणाम नाही, पोषण +०.१६ | मुख्य निकाल एचआयव्ही नसलेल्या मातांच्या मुलांचे |

तक्ता वाचताना

‘परिणाम नाही’ हा शेरा सगळीकडे सारखा धरू नये. मध्य प्रदेशात शौचालयेच पुरती पोचली नाहीत. तिथे उपाय फसला की अंमलबजावणी, हे आकडे सांगत नाहीत. ओडिशात ६३% घरांत शौचालय आले, तरी जुलाब हलले नाहीत. हा निकाल जास्त वजनदार आहे, पण वापराचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय तो ‘शौचालय निरुपयोगी’ असा वाचता येणार नाही. पुढच्या मसुद्यात ‘प्रसार’ आणि ‘वापर’ असे दोन रकाने वेगळे करायचे.

अहमदनगरची ओळ अडचणीची आहे. शौचालयांत सर्वांत कमी वाढ आणि उंचीवर सर्वांत मोठा परिणाम, दोन्ही इथेच. मोहिमेने सवयी बदलल्या असतील, किंवा ६० गावांत योगायोगाला जागा जास्त असेल. मूळ लेखातले विश्वासांतर उतरवून घेतल्याशिवाय ही ओळ सारांशात घ्यायची नाही.

बांगलादेश आणि केनियाची रचना एकच, जुलाबाचे निकाल उलटे. केनियात नियंत्रण गटातच जुलाब २७ टक्क्यांच्या आसपास होते, बांगलादेशात ५.७. म्हणून दोघांची सरासरी काढू नये.