विषय : 22 डिसेंबरच्या मालातली फुटकी आणि घाण अंडी

सातारा, 23 डिसेंबर 2025

प्रति,
मालक, अंड्यांचे होलसेल गोडाऊन,
एमआयडीसी, सातारा

भाऊ, नमस्कार.

काल सोमवारी सकाळी तुमच्या टेम्पोने तीन पेट्या उतरवल्या. एकवीस ट्रे, 630 अंडी, बिल क्रमांक 1184, दर शेकडा 720 रुपये. सकाळी पावणेसातला दुकानात दूधवाले आणि पाववाल्याची गर्दी होती आणि टेम्पोवरचा मुलगा नवीन होता. त्याला पुढे घाई होती म्हणून मी वरवर बघून सही केली. वरचे दोन ट्रे अगदी स्वच्छ होते.

आठच्या सुमाराला तिसऱ्या पेटीखाली फरशी ओली दिसली. पेटी उघडली तर खालचे ट्रे बलकाने भिजून एकमेकांना चिकटलेले. मग मी तिन्ही पेट्यांतलं एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून तपासलं. पूर्ण फुटून गळणारी 11, तडा गेलेली 36, आणि विष्ठा, पिसं, वाळलेला बलक चिकटलेली 38. एकूण 85. म्हणजे शंभरात तेराहून जास्त अंडी विकण्यालायक नाहीत. सगळ्यांचे फोटो कालच तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. गळणारी अंडी वासामुळे ठेवता आली नाहीत, फोटो काढून टाकून दिली. बाकीची 74 वेगळी ठेवली आहेत.

तडा गेलेल्या अंड्यांचं मी समजू शकते. रस्ता खराब असतो, ट्रे आडवे-उभे आलटून पालटून न लावता एकावर एक तसेच रचले की खालच्यांवर भार येतो. पण घाण रस्त्यात लागत नाही भाऊ. ती अंडी तशीच भरली गेली. शिवाय दुसऱ्या पेटीतले चार ट्रे जुने, वापरलेले होते, पुठ्ठ्यावर आधीच्या फुटलेल्या अंड्यांचे पिवळे डाग होते. असल्या ट्रेमध्ये चांगलं अंडं ठेवलं तरी तेही खराब होणार. आणि स्वच्छ ट्रे वर, घाण ट्रे मध्ये हे तिन्ही पेट्यांत सारखंच कसं झालं, हे तुम्ही भरणाऱ्या माणसांना विचारा. मला त्याचं उत्तर हवं आहे.

टेम्पोवाल्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "काकू, धुऊन विका." हे मी करणार नाही. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात आणि वरून एक नैसर्गिक थर असतो. धुतल्यावर तो जातो, आणि बाहेरची घाण पाण्याबरोबर आत शिरते. दिसायला स्वच्छ, आतून धोक्याचं. अशा अंड्यांतून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. माझ्याकडे वर्षभराच्या बाळासाठी रोज एक अंडं नेणारी सून आहे, दवाखान्यातून नुकतेच घरी आलेले आजोबा आहेत. त्यांना मी धुतलेलं अंडं देऊ? दुकानाची अन्न नोंदणी माझ्या नावावर आहे, कुणाचं पोट बिघडलं तर माझ्या दारात येणार.

तरी दोन अंडी माझ्या नजरेतून सुटलीच. स्टँडजवळचा भुर्जीवाला रोज दोन ट्रे नेतो. त्याच्या हातात अंडं फुटलं ते गिऱ्हाइकासमोर, आणि वास आला. संध्याकाळी तो काही न बोलता दोन्ही ट्रे परत ठेवून गेला. त्याचे पैसे मी परत दिले. आज तो आला नाही. सहा वर्षांचं गिऱ्हाईक आहे ते, आणि त्याचं मला पैशापेक्षा जास्त लागलं आहे.

मार्गशीर्षातले गुरुवार संपले, आता अंड्याला मागणी आहे. परवा नाताळ. केक करणाऱ्या दोघी बायकांनी माझ्याकडे पाच ट्रे सांगून ठेवले आहेत. म्हणून उद्या, बुधवारी सकाळी सातच्या आत 85 चांगली अंडी नव्या ट्रेमध्ये पाठवा आणि ठेवलेली 74 परत न्या. ते जमणार नसेल तर 85 अंड्यांचे 612 रुपये शुक्रवारच्या हिशेबातून वजा करा, पण मग मला आज रात्री आठपर्यंत तसं सांगा, म्हणजे केकच्या अंड्यांची सोय मी दुसरीकडे करीन.

यापुढे वापरलेले ट्रे मी उतरवून घेणार नाही. टेम्पोवाल्याने दहा मिनिटं थांबायचं, मी प्रत्येक पेटीतले मधले ट्रे काढून बघेन, मगच सही होईल. तुमच्या माणसांना हे आधी सांगून ठेवा, दारात वाद नको.

ऑक्टोबरातही एका पेटीत नऊ अंडी फुटकी निघाली होती. तेव्हा मी फोनवर बोलले, तुम्ही "बघतो" म्हणालात. म्हणून या वेळी लिहून देत आहे. उत्तरही लिहूनच द्या.

आपली,
सुनंदा
किराणा दुकान, सदर बाजार, सातारा

सोबत : बिलाची झेरॉक्स