शाळेची ओळख: बोधचिन्ह, ब्रीदवाक्य, गणवेश
(शिक्षक, कार्यालय, छपाईवाले, शिंपी आणि पालक-शिक्षक संघ यांच्यासाठी)

नवीन शैक्षणिक वर्षापासून शाळेचे नाव, चिन्ह आणि रंग कुठे, कसे वापरायचे याचे हे नियम आहेत. चित्रकला विभाग आणि पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधी यांनी मिळून ते केले. संस्थेच्या कार्यकारिणीने मंजूर केले. सुरुवातीला कार्यकारिणीत सूर होता की सगळेच नवे करावे, रंगसुद्धा. तो सूर आम्ही मानला नाही. मानेवाडा रोडवरचे ऑटोवाले आपल्याला ‘हिरवी शाळा’ म्हणतात, दुकानदार मापाच्या आधी रंग ओळखतात. इतक्या वर्षांत आपसूक झालेली ही ओळख पैसे देऊन पुसायची कशासाठी? म्हणून रंग तोच राहील, बॉटल ग्रीन. बदलायचे ते त्याच्याभोवती साचलेले.

बोधचिन्ह

जुन्या चिन्हात उघडे पुस्तक, समई, उगवता सूर्य, कमळ, दोन लेखण्या आणि भारताचा नकाशा होता. प्रत्येक वस्तू कुणीतरी श्रद्धेने सुचवली असणार. पण शर्टाच्या खिशावर हे सगळे अडीच इंचांत विणले की एक हिरवा गोळा दिसतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोल चित्रात तर तोही नाही.

नवे चिन्ह एकच: वर्तुळात पळसाचे त्रिदल पान. झिरो माइलचा खांब आणि संत्री या दोन्ही सूचना विचारात घेतल्या. पण नागपुरात मिठाईच्या डब्यापासून ट्रॅव्हल्सच्या बसपर्यंत दोन्ही लागलेले असतात. त्यात आपली शाळा कुठे शोधायची? पळस शहराबाहेर पडले की दिसतो, आजीच्या पत्रावळीत दिसतो, आणि मुख्य म्हणजे त्याची तीन रुंद पाने जाड धाग्यातही सुटी उमटतात. ‘पळसाला पाने तीनच’ म्हणून कुणी टोमणा मारेल. मारू द्या, चिन्ह लक्षात राहील.

पळसाचे फूल मात्र वापरू नये. ते भडक केशरी, आणि आपल्याला दुसरा रंग नको. चिन्ह बॉटल ग्रीनमध्ये पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यात बॉटल ग्रीनवर, दोनच प्रकारे छापायचे. पडद्यावर रंगाचा संकेत #0B4D3A. छपाईवाल्याला संकेत सांगून भागत नाही; कार्यालयातला कापडाचा तुकडा सोबत द्यावा आणि रंग उन्हात नेऊन जुळवावा, ट्यूबलाइटखाली नाही. चिन्हाला सावली, सोनेरी कड, चकाकी देऊ नये. स्नेहसंमेलनाच्या बॅनरवर हा मोह सर्वांत जास्त होतो.

26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या निमंत्रणपत्रिकांवर शोभेसाठी सिंहस्तंभ छापू नये. भारताच्या राज्यचिन्हाच्या अशा वापराला 2005 च्या कायद्याने मनाई आहे, शाळांनाही.

शाळेचे नाव आधी देवनागरीत, खाली लहान रोमन अक्षरांत. अक्षरवळण ‘मुक्ता’, ते फुकट मिळते आणि कोणत्याही संगणकावर बसवता येते. ल पाकळीचा आणि श देठाचा, मराठी वळणाचाच आला आहे ना, हे छापण्यापूर्वी पाहावे. मराठी शाळेच्या फाटकावर हिंदी वळणाचा श मुलांच्या लक्षात येतो, मोठ्यांच्या येत नाही.

ब्रीदवाक्य

‘विचारू, करून पाहू.’

आधीचे ‘विद्या विनयेन शोभते’ सुंदर आहे, पण शहरात किती भिंतींवर आहे ते मोजायला नको. शिवाय आपल्या प्रयोगशाळेत आणि बागेत जे चालते ते त्यात येत नव्हते. नवे वाक्य तिसरीतल्या मुलाला समजते. ते फाटकावर, वहीच्या मुखपृष्ठावर आणि प्रगतिपुस्तकावर येईल. गणवेशावर येणार नाही. प्रार्थना तीच राहील, तिला हात लावलेला नाही.

गणवेश

शाळा विदर्भात आहे, हे गणवेश ठरवताना विसरले जाते. जूनअखेर वर्ग सुरू होतात ते दमट उकाड्यात, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असताना सकाळच्या सत्रातली मुले घरी निघतात. म्हणून टाय बंद, कायमचा. एका आईने सभेत सांगितले, ‘पोरगा घरी आला की चप्पल काढायच्या आधी टाय काढून फेकते.’ ब्लेझरचा प्रस्तावही नामंजूर.

शर्ट किंवा कमीज क्रीम रंगाची, अर्ध्या बाहीची, कॉलरला बारीक हिरवी पट्टी. कापडात सुती धागा निम्म्याहून जास्त हवा. शंभर टक्के सुती असावे असे आम्हाला वाटत होते, पण ते रोज इस्त्री कोण करणार, या प्रश्नावर आया एकमत होत्या आणि त्यांचेच बरोबर होते. खाली बॉटल ग्रीन पँट, स्कर्ट किंवा सलवार; मुलींनी काय घालायचे ते त्यांनी आणि घरच्यांनी ठरवावे, वर्गशिक्षकांनी नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याच रंगाचा स्वेटर. बूट काळे, आठवडाभर तेच. शनिवारचे पांढरे कॅनव्हास बूट बंद: पावसाळ्यात ते शुक्रवारी रात्री धुवायचे आणि शनिवारी ओलेच घालायचे, असे चालले होते.

गणवेश अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती नाही. कापडाचा नमुना आणि मापाचा कागद कार्यालयात मिळेल. तो घेऊन गांधीबागेत जा, घराजवळच्या शिंप्याकडे जा, घरी शिवा. शाळेचे म्हणून शाळेकडून एकच वस्तू घ्यायची, चिन्हाचा विणलेला बिल्ला. किंमत वीस रुपये. तो शर्टावर टाचायचा आणि शर्ट लहान झाला की उसवून नव्यावर लावायचा. जुना गणवेश पुढची दोन वर्षे चालेल. मोठ्या भावंडाचा घातला म्हणून कुणाला वर्गात उभे करू नये.

पालकांना काय दिसते

फाटकाशी आणि सभेत पालकांशी बोललो, तेव्हा चिन्हाबद्दल जवळपास कुणीच बोलले नाही. बोलले ते फोन कोण उचलतो, व्हॅनच्या दारावर काय लिहिले आहे आणि फाटकाचा रंग किती उडाला आहे याबद्दल. ‘शाळा चांगली आहे हो, पण बोर्डाकडे पाहून कोचिंग क्लास वाटते,’ हे एका बाबांचे वाक्य. त्यांचे खरे होते: फाटकावर दहावीच्या टक्केवारीचे पाच फ्लेक्स एकावर एक होते. यापुढे निकालाचा एकच फलक, आत सूचनाफलकाशेजारी.

दुसरी शंका जरा आडून आली: टाय नाही म्हणजे इंग्रजी कच्चे का? याचे उत्तर कपड्याने देऊ नये. प्रवेशपत्रकावर पहिल्याच ओळीत लिहावे: सेमी-इंग्रजी, पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी विषय मराठीत. ‘कॉन्व्हेंट’, ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’ हे शब्द कोणत्याही पत्रकात नकोत. ज्यांना ती शाळा हवी आहे, त्यांनी प्रवेशाआधीच तिकडे जाणे दोघांच्या सोयीचे.

व्हॅन शाळेच्या मालकीच्या नाहीत, तेव्हा त्यांच्यावर पूर्ण रंगाची सक्ती करता येत नाही. दारावर लावायचे स्टिकर शाळा देईल. व्हॅनवाल्या काकांना विचारूनच लावावेत.

जुनी लेटरहेड आणि पावतीपुस्तके मार्चअखेर वापरून संपवावीत, फेकू नयेत. चिन्हाच्या फाइली कार्यालयातून घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र मोठे करून छापू नये. फाटकाचे रंगकाम दिवाळीच्या सुट्टीत होईल.