ओमसाठी चिठ्ठी, रात्रीचं जेवण

ओम,

मावशीला अ‍ॅडमिट केलंय, मी दवाखान्यात चाललेय. घाबरू नको, सलाईन लावलंय, बरी आहे. बाबांची आज नाईट आहे, त्यामुळे परी आणि चिनूचं जेवण तुझ्यावर. मुगाची खिचडी टाक, तू मला करताना बघितलंयसच.

दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ (पिवळी, छोट्या डब्यातली, चण्याची घेऊ नको) एकत्र करून तीनदा धू आणि निथळत ठेव. तोपर्यंत एक कांदा, एक बटाटा, एक टोमॅटो चिर, बारीकच पाहिजे असं काही नाही, पण बोटं सांभाळ. मिरची एकच, उभी चिर, म्हणजे परीच्या ताटात आली तर काढून टाकता येईल.

कुकर गॅसवर ठेवून दोन पळ्या तेल घाल. तापलं की मोहरी, ती तडतडली की लगेच जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता. कढीपत्ता फडक्याने पुसून घे नाहीतर तेल उडतं, आणि पानं टाकताना तोंड लांब ठेव. फोडणी करपायला लागली तर गॅस बंद कर, पुढचं सावकाश टाक, घाई नाही. मग कांदा परत, बटाटा-टोमॅटो, अर्धा चमचा हळद, चमचाभर गोडा मसाला, त्यावर डाळतांदूळ घालून दोन मिनिटं हलव. पाणी आठ वाट्या, त्याच वाटीने, परीला मऊच लागते. मीठ दोन छोटे चमचे, पाणी चाखून बघ, किंचित खारट लागलं पाहिजे.

झाकण लावायच्या आधी रिंग नीट बसलीय ना बघ. चार शिट्ट्या, मग गॅस बंद. आणि हे नीट वाच, कुकर आपोआप थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, शिट्टी वर उचलून वाफही काढायची नाही, चिनूने कितीही भूक भूक केली तरी. त्याला तेवढ्यात शेंगदाणे-गूळ दे. शिट्ट्या होत असताना परीला ओट्याजवळ येऊ देऊ नको.

घट्ट झाली तर गरम पाणी घालून हलव, गार नाही. वाढताना वरून तूप. पापड तव्यावरच भाज, डायरेक्ट गॅसवर नको. ताक फ्रिजमध्ये आहे, लोणचं चिनूला थोडंच दे, खोकला आहे त्याला. परी टीव्हीसमोर जेवत नाही, नुसती बसते, तिला तुझ्या शेजारी घेऊन बस. आणि तू पण पोटभर खा, त्यांना वाढण्यात स्वतःचं राहतं.

झाल्यावर सिलेंडरचा रेग्युलेटर बंद कर. उरलेली खिचडी फ्रिजमध्ये ठेव, कुकरमध्ये पाणी घालून ठेव, घासायला मी आहे. काही अडलं तर फोन कर, नाही लागला तर शेजारच्या काकूंना हाक मार, त्यांना सांगून ठेवलंय. साडेदहापर्यंत येते, दाराला आतून कडी घाल, माझा आवाज ऐकूनच उघड.

आई

ता.क. दूध तापवून ठेवलंय, विरजण लावायचं तेवढं बघ, कोमट झालं की एक चमचा दही.